ओठ अखंड, तरी टाळू दुभंगलेली

"बाळाचा ओठ अखंड असेल तर तोंडातली टाळूही नीटच असते."

असं तुम्ही समजत असाल, तर तो समज कृपया दुरुस्त करा. ओठ आणि त्यामागची हिरडी गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात सांधली जाते, मागची टाळू त्यानंतर. तिचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. जबडा वाढून जीभ खाली सरकली की ते वर येऊन आडवे होतात आणि पुढून मागे जुळत जातात. पडजीभ सर्वांत शेवटी, साधारण बाराव्या आठवड्यात. जबडा फारच लहान राहिला तर जीभ मध्ये अडकते आणि पडदे जुळत नाहीत. ओठ मात्र तोवर पूर्ण झालेला असतो.

माझ्या बहिणीच्या मुलीचं असंच झालं, देवगडजवळच्या आमच्या गावात. दूध नाकातून यायचं, एकेकदा पाजायला तासभर लागायचा, वजन वाढेना. सगळे म्हणत, शिकेल हळूहळू ओढायला. डोक्यावरची टाळू आई रोज खोबरेल तेलाने भरायची, तोंडातली कुणी पाहिलीच नाही! दीड महिन्याची असताना एका डॉक्टरांनी जीभ दाबून बॅटरी मारली, तेव्हा मागच्या मऊ टाळूतली फट दिसली. मग तिला उभं धरून वाटी-चमच्याने पाजू लागलो, आणि अकराव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. काही बाळांत टाळूची वरची त्वचा जुळलेली असते, आतले स्नायू नाही. तेव्हा दुभागलेली पडजीभ एवढीच खूण दिसू शकते. म्हणून बाळ जन्मल्यावर तोंडात उजेड टाकून पडजिभेपर्यंत बघायला सांगा.