"तर" नाही, "की" म्हणा: आत्याला आलेल्या एका फॉरवर्डला उत्तर

"जर-तरच्या गोष्टी करणारे आयुष्यभर जर-तरच करत राहतात.
१. 'अमुक झालं तर तमुक करीन' हे आळशी माणसाचं वाक्य आहे.
२. मनात खरी जिद्द असेल तर वेळ-जागा ठरवावी लागत नाही.
३. रोज सकाळी अकरा वेळा मोठ्याने म्हणा, मी हे काम करणारच.
४. ठरवलेलं काम चार लोकांना सांगा, लाजेनं तरी होईल.
५. २१ दिवस सलग करा, सवय लागेल.
जे टाळतात ते कामाला नाही, कष्टाला घाबरतात. पुढे पाठवा."

हा मेसेज माझ्या आत्याला एका आठवड्यात तीनदा आला. तिसऱ्यांदा पाठवला तो तिच्या सख्ख्या दिराने. रात्री साडेनऊला तिचा फोन आला, "मी आळशी आहो काय रे?"

आत्या नागपूरच्या महाल भागात राहते. पहाटे पाचला उठते आणि घरचं सगळं एकटीने करते. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामाजी, दिवाळीनंतर गेले. त्यांच्या नावावर बँकेत ठेवी आहेत आणि नॉमिनी तीच आहे. बँकेने मागितलं ते थोडंच: भरलेला क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला, पासबुक आणि ठेवीच्या पावत्या, तिचं ओळखपत्र. यातलं पासबुक आणि पावत्या मामाजींच्या निळ्या रेक्झिनच्या बॅगेत, आणि ती बॅग लोखंडी कपाटात. सहा महिने आत्याने ती बॅग उघडली नव्हती. आत सगळीकडे त्यांचं अक्षर आहे, एवढंच कारण. अशा बाईला कष्टाची भीती वाटते असं सांगणारा मेसेज लोक डोळे मिटून पुढे ढकलतात, याचा मला मनापासून राग आला. मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून हे लिहितोय.

पहिल्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. त्यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. "जमलं तर बघू", "बरं वाटलं तर जाईन" अशी वाक्यं आपण सगळेच बोलतो आणि ती कामातून सुटण्यासाठीच असतात. मराठीत "तर" म्हटलं की शंका आलीच. पण मानसशास्त्रात ज्याला जर-तरचं नियोजन म्हणतात, त्यात शंकेला जागाच नसते. त्यातली "जर"ची बाजू हमखास घडणारी असते: चहा होणार, पेपर येणार, संध्याकाळ होणार. ही पद्धत ज्यांनी मांडली ते पीटर गॉलवित्झर जर्मन. त्यांच्या भाषेत "वेन" हा एकच शब्द "जर" आणि "जेव्हा" या दोन्हींसाठी चालतो. आपल्याकडे त्यासाठी याहून चांगला शब्द आहे, "की". "चहा झाला तर बॅग उघडीन" हे टाळणं आहे आणि "चहा झाला की बॅग उघडीन" हे ठरवणं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने या दोन्हींना एकाच दोरीत बांधलं.

दुसऱ्या मुद्द्यावर तर थेट प्रयोगच झालेला आहे. गॉलवित्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला. जर्मनीतल्या विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीवर जाण्याआधी एक काम दिलं: २४ डिसेंबरची संध्याकाळ कशी घालवली ते ४८ तासांत लिहून पाठवायचं. ऐन सणात, घरात पाहुणे असताना. सगळे हो म्हणाले. त्यातल्या अर्ध्यांना एवढंच जास्त करायला लावलं, की आपण हे कधी आणि कुठे बसून लिहिणार ते आत्ताच कागदावर नोंदवा. नोंदवणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वेळेत लिहिलं. बाकीच्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणांनी. करायची इच्छा दोन्हीकडे होती. फरक पडला तो वेळ-जागा लिहिण्याने.

त्याच शोधनिबंधातली दुसरी पाहणी आत्याच्या बाबतीत जास्त लागू पडते. विद्यार्थ्यांना सुट्टीत करायचं एक सोपं आणि एक अवघड काम विचारलं होतं. सोपी कामं वेळ-जागा न ठरवताही बहुतेकांची झाली. अवघड कामांत मात्र ज्यांनी ती ठरवली होती, त्यांची कितीतरी जास्त पुरी झाली. हा प्रयोग नव्हता, नुसती विचारपूस होती, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकत नाही. पण नको वाटणाऱ्या कामाचं कोडं त्यात दिसतं. अशा कामाच्या वेळी "आत्ता करू की नंतर" हा प्रश्न मनाला विचारला, की उत्तर प्रत्येक वेळी "नंतर" येतं. क्षण आधीच बांधून ठेवला तर तो प्रश्न विचारायची वेळच येत नाही. समोर कप दिसतो आणि पुढची हालचाल आठवते.

जिद्दीबद्दलही एक गोष्ट कबूल करायला हवी. मुळात काम व्हावं असं आतून वाटत नसेल, तर ही पद्धत काही करत नाही. हेही अभ्यासांत दिसलेलं आहे. आत्याला ते पैसे हवे होते. ठेवीच्या व्याजावरच घर चालायचं.

आता प्रत्यक्ष काय केलं ते. पहिला प्रयत्न फसला आणि चूक माझी होती. मी फोनवर सांगितलं, "दुपारचं जेवण झालं की बॅग काढ." तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी गाडी काढून महालात गेलो आणि शेजारी बसून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "अरे, मले रात्री निजताना आठवते." तिथेच कळलं. जेवण नेमकं कधी "झालं"? ताट उचललं तेव्हा, ओटा पुसला तेव्हा, की बडीशेप खाल्ली तेव्हा? त्यात मे महिन्यातली नागपूरची दुपार, ओटा पुसून झाला की ती कूलरसमोर आडवी व्हायची. जो क्षण डोळ्याला किंवा हाताला नेमका लागत नाही, तो पकडता येत नाही.

मग आम्ही तिचा दिवस घड्याळाप्रमाणे मांडला. संध्याकाळी पाच वाजता ती एकटीच चहा पिते, कप लगेच धुते आणि ओट्यावर पालथा ठेवते. रोज, न चुकता. तेव्हा ती उभी असते, हात मोकळे असतात आणि कपाट दहा पावलांवर असतं. तो क्षण घेतला. दुसरी बाजूही लहान केली. "बँकेचं काम करीन" हे कुठून सुरू करायचं ते हाताला कळत नाही. तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतः लिहिलं:

"कप पालथा ठेवला की निळी बॅग कपाटातून काढून टेबलावर ठेवीन आणि चेन उघडीन."

त्याखाली दुसरी ओळ, कारण खरा अडसर चेन उघडल्यावर होता:

"यांचं अक्षर पाहून भरून आलं की बॅग उघडीच ठेवून पाणी पिईन आणि फक्त पासबुक बाहेर काढीन."

ही दुसरी ओळ लोक गाळतात. भावना येणारच आहे, तर तिलाच खूण करायचं. कोळ्यांना घाबरणाऱ्या लोकांवर असे प्रयोग झाले आहेत. "कोळी दिसला की मी शांत राहीन" असं आधी बांधून घेतलेल्यांना चित्रं पाहताना भीती कमी वाटली. नुसतं "मी घाबरणार नाही" ठरवलेल्यांना तो फायदा झाला नाही. लिहून झाल्यावर मी आत्याला डोळे मिटून एकदा सगळं मनात चालून यायला लावलं: कप, ओटा, किल्ली, बॅग. यात मिनिटभर गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला फोन आला. बॅग टेबलावर होती. चेन मध्येच अडकली, तिला मेणबत्ती घासावी लागली. वरच एक पाकीट होतं आणि त्यावर मामाजींच्या हातचं, "एफडी, हिला विचारून मोडणे". आत्या बराच वेळ रडली. मग उठून पाणी प्यायली आणि पासबुक काढलं. त्या दिवशी एवढंच. पुढच्या दिवशी कप पालथा ठेवून पावत्या काढल्या, त्याच्या पुढच्या दिवशी फॉर्म भरला. त्या आठवड्यात आम्ही दोघं बँकेत कागद देऊन आलो.

पद्धत चालत नसेल तर दोष कुठे आहे तेही ओळखता येतं. रात्री अंथरुणात "अरे, राहिलंच" असं आठवलं, तर खूण ढिली आहे, ती बदला. खूण दिसली, आठवलंही, तरी पाय मागे आला, तर पहिली हालचाल फार मोठी आहे किंवा अडसराची ओळ लिहायची राहिली आहे. दोन्ही नीट करूनही पाय मागेच येत असेल, तर ते काम आपल्याला खरंच हवं आहे का, हे एकदा बसून पाहावं.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. तिसऱ्याने हेतू पक्का होत असेल, पण हेतू आत्याचा सहा महिने पक्काच होता. त्या वाक्यात ना वेळ आहे, ना जागा, ना हाताची हालचाल. चौथा कधी कधी चालतो, एखाद्याने सोबत बसायचं कबूल केलं असेल तर. लाजेवर मात्र तो चालत नाही; लाज वाटली की आत्या नातेवाइकांचे फोन उचलणं बंद करायची. पाचवा इथे लागूच नाही. बँकेचा क्लेम एकदाच करायचा असतो, त्याची सवय कशाला लावायची? आणि सवयीचं म्हणाल तर लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात ती जडायला सरासरी ६६ दिवस लागले, तेही माणसामाणसात खूप कमी-जास्त.

या पद्धतीची एक मर्यादा आत्यानेच दाखवून दिली. बँकेचं झाल्यावर तिने उत्साहाने गॅस, वीजबिल, घरटॅक्स, सगळ्यांच्या ओळी एकदम लिहिल्या आणि आठवडाभर एकही हलली नाही. अनेक ओळी एकत्र लिहिल्या की त्या एकमेकींना खातात, किती उरलंय तेच समोर दिसत राहतं. चार खोडल्या, एक ठेवली. आता कॅलेंडरमागे एवढंच आहे: "पेपर दारात पडला की जुनं वीजबिल काढून ग्राहक क्रमांक वहीत उतरवीन." तो काल उतरवून झाला. दिराला तिने काही उत्तर पाठवलेलं नाही, म्हणून हे मीच त्यांना पाठवतोय.