‘रोज तांब्याभर पाणी’ एवढ्या चिठ्ठीवर बाग सोपवू नका

“सुट्टीत गावाला जाताय? माळ्याला लांबलचक चिठ्ठी कशाला! सगळ्या कुंड्यांना रोज सकाळी तांब्याभर पाणी, पान पिवळं दिसलं की पाणी वाढवा, आठवड्याला चहाचा चोथा. बाकी त्याला सगळं कळतं.”

हा मेसेज मलाही चार जणांनी पाठवला. मागच्या मे महिन्यात मी नाशिकच्या गच्चीवरची बाग बारा दिवस जवळपास अशाच सूचनेवर सोपवली होती. परत आलो तर अडेनियम बुडाशी मऊ पडलेलं, आणि मोगरा रोज पाणी मिळूनही वाळलेला.

अडेनियम खोडात पाणी साठवतं, त्याला रोजचा तांब्या मानवत नाही. यंदाच्या चिठ्ठीत लिहिलंय: “माती पूर्ण सुकल्यावरच पाणी. खोड अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागलं तर पाणी बंद आणि मला फोन.”

मोगऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या कुंडीत आमच्या भागातली काळी माती जास्त आहे. ती उन्हाने आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून निघून जातं. वरून बघणाऱ्याला वाटतं भरपूर पाणी दिलं, आतला मातीचा गोळा मात्र कोरडाच. म्हणून लिहिलं: “आधी खुरप्याने वरची बोटभर माती मोकळी करून फट बुजवा. अर्धं पाणी सावकाश ओता, दहा मिनिटांनी उरलेलं.”

पिवळ्या पानाचा सल्ला सगळ्यात घातक. जास्त पाण्यानेही पान पिवळं होतं, तेव्हा पाणी वाढवणं म्हणजे बुडत्याला अजून ढकलणं. बोट दोन पेरं मातीत घालायचं. ओलं लागलं, खालची पानं मऊ पिवळी असली, तर पाणी थांबवायचं. माती कोरडी आणि पान कुरकुरीत असेल तरच द्यायचं. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोह कमी पडतंय, तिथे पाण्याने काही होत नाही.

चोथा वाईट नाही, पण आपल्याकडे तो साखर-दुधासकट उरतो. त्यावर मुंग्या येतात, आणि मुंग्या जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला सांभाळतात, कारण त्याचा गोड स्राव त्यांना हवा असतो. चिठ्ठीत सरळ लिहिलं: “चोथा नको. जास्वंदीची पानं दर रविवारी उलटून बघा. कापसासारखं पांढरं दिसलं तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवा.”

राहिलं “त्याला सगळं कळतं”. झाडं कळतात हो, माझ्यापेक्षा जास्तच. पण कोणत्या कुंडीत कोणती माती आहे, हे त्याला कोण सांगणार? गुलाबाला गांडूळखत घालून आठच दिवस झालेत, हेही मलाच ठाऊक. माळीदादांना चिठ्ठी दिली तेव्हा अपमान वगैरे काही वाटला नाही. उलट म्हणाले, “भाऊ, कुंड्यांवर नंबर टाका, म्हणजे कागद जुळवता येईल.” खडूने चौदा नंबर टाकले. पहिल्याच पाण्यात पुसले गेले, आता ऑइलपेंट आणलाय.