कापलेले 38 शेअर आणि दुसऱ्यांदा भरलेला कर

*प्रतिक्रिया: "आरएसयूवरच्या, म्हणजे कंपनी पगाराचा भाग म्हणून देते त्या शेअरांवरच्या लेखात तुम्ही बिनधास्त लिहून टाकलंत, 'शेअर कापले की कराचा विषय संपला.' माझा अनुभव ऐका. नोव्हेंबर 2024 मध्ये 120 शेअर वेस्ट झाले, खात्यात आले 82. फॉर्म 16 मध्ये मात्र पूर्ण 120 चे 15,12,000 रुपये उत्पन्न. म्हणजे जे 38 मिळालेच नाहीत त्यांच्यावरही कर! फेब्रुवारीत 50 शेअर 5,95,000 ला विकले, तोवर भाव उतरला होता. तरी सीएने रिटर्न भरताना आणखी 1,85,640 भरायला लावले. अर्धवट माहिती लिहून लोकांची दिशाभूल करू नका."*

त्या वाक्याबद्दल तुम्ही कान धरलात ते बरोबरच आहे. 'विषय संपला' असं मी लिहायला नको होतं. वेस्टिंगच्या, म्हणजे शेअर तुमच्या नावावर होण्याच्या दिवसाचा विषय संपतो, विक्रीचा तिथून सुरू होतो. लेखात दुरुस्ती करतो. पण तुमच्या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, आणि त्यातली एकच खरी चूक आहे. ती माझीही नाही आणि कंपनीचीही नाही.

आधी ते 38 शेअर. 15,12,000 भागिले 120 म्हणजे एका शेअरची किंमत 12,600 धरली गेली. तुमचं उत्पन्न 30 टक्क्यांच्या टप्प्यात, त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे दर 31.2 टक्के. 15,12,000 वर कर झाला 4,71,744. याला 12,600 ने भागलं तर 37.44 येतात. शेअरचा तुकडा कापता येत नाही म्हणून बहुधा कंपनीने 38 ठेवून घेतले आणि कराची रक्कम स्वतःच्या खिशातून रोखीने सरकारकडे भरली. ती तुमच्या पॅनवर टीडीएस म्हणून दिसते, 26एएस हे करजमेचं पत्रक उघडून बघा. म्हणजे ते 38 शेअर तुम्हाला मिळाले आणि त्याच क्षणी तुमच्या नावाने करात गेले. पगार दोन लाख आणि टीडीएस कापून हातात दीड लाख आले, तर उत्पन्न आपण दोन लाखच धरतो ना? इथेही तेच. माझ्या पहिल्या वेस्टिंगला मीही पेरोलमधल्या मुलीशी तावातावाने भांडलो होतो. तिने शांतपणे पगारपत्रक पुढे सरकवलं: वरच्या बाजूला आरएसयूची पूर्ण रक्कम मिळकतीत, खाली तेवढीच रक्कम वजावटीत, कारण ती रोखीने दिलीच नव्हती. टीडीएसची ओळ वेगळी.

एक गोष्ट मात्र तुम्ही जरूर तपासा. 38 शेअरांचे होतात 4,78,800. कर होता 4,71,744. वरचे 7,056 रुपये कुठे गेले? एक तर ते पगारातून परत आले असतील, नाहीतर तुमच्या टीडीएसमध्ये जमा झाले असतील. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या पगारपत्रकात सापडायला हवेत. दोन्हीकडे नसतील तर पेरोलला मेल टाका, तो तुमचा पैसा आहे.

आता भाव उतरल्याचं. वेस्टिंगच्या दिवशीची किंमत हाच पगार, त्यामुळे नंतर भाव पडला म्हणून त्या दिवसाचा कर कमी होत नाही. ही कडू गोष्ट आहे, मान्य. पण कापलेल्या 38 वर तुमचं काहीच बुडालं नाही, ते 12,600 च्या भावानेच वळते झाले. बुडालं ते हातात राहिलेल्या शेअरांवर. ते ठेवायचे की त्याच दिवशी विकायचे हा निर्णय तुमचा होता. कर भरून झालेल्या पैशातून 82 शेअर बाजारातून विकत घेतल्यासारखीच ती स्थिती असते. त्या रकमेचा रोख बोनस मिळाला असता तर तुम्ही हेच शेअर घेतले असते का, हे वेस्टिंगच्या सकाळी स्वतःला विचारायचं.

आणि आता खरी चूक. तुमचा 1,85,640 हा आकडा वाचला आणि मी कॅल्क्युलेटर काढला. 5,95,000 चे 31.2 टक्के बरोबर 1,85,640 होतात, रुपयाचाही फरक नाही. म्हणजे तुमच्या सीएंनी विक्रीची सगळीच्या सगळी रक्कम नफा धरली, शेअरची खरेदी किंमत शून्य लावून. असं होतं याचं कारण साधं आहे. काही ब्रोकरच्या विवरणात आरएसयूच्या खरेदीचा रकाना शून्य किंवा कोरा असतो, कारण शेअर घेताना तुम्ही पैसे मोजलेले नसतात. पण त्या वर्षाला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 49(2एए) नुसार, पगारात जी किंमत धरून कर घेतला तीच तुमची खरेदी किंमत. 50 शेअरांची ती होते 6,30,000. विक्री 5,95,000. म्हणजे नफा तर दूरच, 35,000 चा अल्पकालीन तोटा आहे. तुम्ही दुसऱ्यांदा कर भरलात हे खरं, पण तो कायद्याने मागितला नव्हता.

ही खरेदी किंमत ब्रोकरच्या पडद्यावर दिसणाऱ्या भावावरून घेऊ नका. तुमचा शेअर परदेशी कंपनीचा आहे असं धरून चालतो. परदेशात नोंदलेला शेअर आपल्याकडे, भारतातल्या एक्स्चेंजवर नसल्यामुळे, अनलिस्टेड मानला जातो आणि पगारासाठी त्याची किंमत मर्चंट बँकरच्या मूल्यांकनाने ठरवायची असते. म्हणून ती बाजारभावापेक्षा थोडी वेगळी निघू शकते. फॉर्म 16 सोबतच्या फॉर्म 12बीए मधली रक्कम भागिले वेस्ट झालेले शेअर, हा हिशेब सुरक्षित. भागताना 120 ने भागा, 82 ने नव्हे. 82 ने भागलं तर किंमत 18,439 निघेल आणि खोटा तोटा दाखवला जाईल, मग नोटीस आली तर माझ्याकडे बोट दाखवू नका!

पुढचा कर किती, तेही अनलिस्टेड असण्यावर ठरतं: वेस्टिंगपासून 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या नेहमीच्या टप्प्याने, त्यानंतर 12.5 टक्क्यांनी. हातातल्या उरलेल्या 32 ची मुदत नोव्हेंबर 2024 पासून मोजा, शेअर कबूल केल्याच्या, म्हणजे ग्रँटच्या तारखेपासून नाही.

तुमच्या पैशांसाठी सरळ वाट म्हणजे सुधारित रिटर्न. आकलन वर्ष 2025-26 साठी त्याची मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत ठरलेली होती. त्यानंतरचं अपडेटेड रिटर्न इथे कामाचं नाही, त्यातून परतावा मागता येत नाही. सुधारणा करताना 50 शेअरांची खरेदी 6,30,000 घाला, फॉर्म 12बीए आणि वेस्टिंगची पावती हाताशी ठेवा. 35,000 चा तोटा पगारातून वजा होणार नाही, पण मूळ रिटर्न वेळेत भरलं असेल तर पुढची आठ वर्षं दुसऱ्या भांडवली नफ्यासमोर वापरता येईल. करासोबत व्याज भरलं असेल तर तेही यात परत येतं.

सीएंशी भांडू नका, फॉर्म 12बीए पुढे ठेवा. आणि ब्रोकरच्या पत्रकात त्या 38 शेअरांपुढे `Shares Withheld` लिहिलंय की `Sell to Cover`, तेवढं मला इथेच कळवा. दुसरं असेल तर ते 38 शेअर तुमच्या नावाने बाजारात विकले गेले आहेत, आणि त्यांची विक्रीही त्याच रिटर्नमध्ये दाखवावी लागेल.