टच गेलेल्या स्मार्टवॉचसाठी दुकानदाराला पत्र लिहिताना

"वॉच चालत नाही, वॉरंटीत आहे, बदलून द्या."

दुकानदाराला जाणारी बहुतेक पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज एवढेच असतात. त्यावर येणारं उत्तरही ठरलेलं: "कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा." तिथं काउंटरवरचा मुलगा जॉबशीटवर "डिस्प्ले प्रॉब्लेम" किंवा सरळ "डेड" लिहितो. आठ-दहा दिवसांनी "फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही" असं म्हणून खर्चाचा अंदाज पुढे केला जातो. माझं स्पष्ट मत आहे की यातली बरीच भांडणं "चालत नाही" या दोन शब्दांतच हातची जातात. स्क्रीन बंद पडणं आणि स्क्रीनचा टच बंद पडणं हे दोन वेगळे बिघाड आहेत. पत्रात तो फरक लिहिला नाही, तर दुसरा कुणीतरी तो आपल्या सोयीनं लिहितो.

आत काय असतं ते थोडक्यात पाहू. वरची काच, तिच्याखाली पारदर्शक तारांची अतिशय बारीक जाळी म्हणजे टच पॅनल, आणि त्याखाली चित्र दाखवणारा डिस्प्ले. हे तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. बोट टेकलं की जाळीतल्या त्या जागेची विद्युत धारणक्षमता बदलते, टचची चिप तो बदल मोजते आणि एका पातळ पट्टीकेबलमधून मुख्य बोर्डाला कळवते. त्यामुळे चित्र स्वच्छ दिसत असूनही टच मेलेला असू शकतो. स्क्रीनभर कुठेच प्रतिसाद नसेल तर संशय कनेक्टर, पट्टीकेबल, चिप किंवा सॉफ्टवेअरवर जातो. एकच उभी किंवा आडवी पट्टी मेली असेल तर जाळीची एखादी ओळ तुटलेली असण्याची शक्यता जास्त. सकाळी चालतो आणि तापल्यावर बंद होतो, असं असेल तर सैल जोडणी किंवा आत शिरलेला ओलावा. निदान तंत्रज्ञानंच करायचं. पण यातलं कोणतं लक्षण दिसतंय, हे वापरणाऱ्याइतकं अचूक दुसरं कुणी सांगू शकत नाही.

पत्र लिहायच्या आधी अर्धा तास तपासणीला द्या. पहिल्यांदा वॉटर लॉक बघा. पोहताना थेंबांनी स्क्रीन आपोआप दाबली जाऊ नये म्हणून ही सोय टच मुद्दाम बंद ठेवते. स्क्रीनवर थेंबाचं चिन्ह असतं आणि बहुतेक वॉचमध्ये बाजूचं बटण किंवा क्राउन दाबून धरलं की लॉक निघतो. मग स्क्रीन गार्ड काढा, कारण जाड गार्डखाली हवा राहिली तरी टच मंदावतो. वॉच चार्जरवरून काढा, काच आणि बोट दोन्ही कोरडं करा आणि पुन्हा तपासा. स्वस्त चार्जरमधला विद्युत गोंगाट टच चिपला गोंधळात टाकतो, म्हणून चार्जिंगवर असताना केलेली तपासणी धरू नका. त्यानंतर बटण दाबून धरून रीस्टार्ट. किती सेकंद ते पुस्तिकेत असतं, साधारण दहाच्या पुढे.

मग टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून काच पाहा. केसाएवढा तडा सरळ बघितला तर दिसत नाही, तिरप्या उजेडात चमकतो. सेंटरवालाही असंच बघतो. शेवटी स्क्रीनच्या कडेवरून नख फिरवा. कड एका बाजूनं उचललेली लागली तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. मे महिन्यात आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या वॉचमध्ये हे घडू शकतं. तसं दिसलं तर स्क्रीन दाबून परत बसवायला जाऊ नका, चार्जिंग बंद करा आणि पत्राची पहिली ओळ तीच करा, कारण मग प्रश्न टचचा न राहता सुरक्षेचा होतो.

हे सगळं एका सलग व्हिडिओत घ्या, मिनिटभराचा पुरे. आधी मागच्या बाजूचा सीरियल नंबर, मग चारही कोपऱ्यांत आणि मध्ये बोट लावून दाखवा, बटण दाबून दाखवा, आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करून वॉच थरथरतं ते दाखवा. फॅक्टरी रीसेट या व्हिडिओच्या आधी करू नका. रीसेटनंतर वॉच पुन्हा जोडायला टच लागतो, म्हणजे बटण, कंपन, ॲपशी जोडणी यातलं काहीच दाखवता येत नाही आणि सगळं वॉच मेल्यासारखं दिसतं.

आता पत्र. समजा, १८ ऑक्टोबर २०२५ ला, धनत्रयोदशीच्या दिवशी, बर्डीवरच्या एका दुकानातून ८,४९९ रुपयांचं वॉच घेतलं आणि ६ एप्रिल २०२६ ला टच गेला. मी पत्र असं लिहीन:

दिनांक : ९ एप्रिल २०२६

प्रति,
व्यवस्थापक,
(दुकानाचे नाव), सीताबर्डी, नागपूर

विषय : वॉरंटी काळात स्मार्टवॉचचा टच बंद पडल्याने विनामूल्य दुरुस्ती करून मिळणेबाबत

संदर्भ : बिल क्र. ___, दि. १८ ऑक्टोबर २०२५. वॉचचा सीरियल नंबर ___

महोदय,

वरील बिलाने आपल्या दुकानातून रु. ८,४९९ ला घेतलेल्या स्मार्टवॉचची एक वर्षाची वॉरंटी १७ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. ६ एप्रिल २०२६ च्या सकाळपासून या वॉचचा टच संपूर्ण स्क्रीनवर बंद आहे. स्क्रीन उजळते, वेळ स्पष्ट दिसते, बाजूचे बटण काम करते, कॉल आल्यावर वॉच थरथरते आणि पावलांची नोंद फोनमधील ॲपवर येते. मात्र स्क्रीनवर कुठेही बोट लावले किंवा फिरवले तरी प्रतिसाद मिळत नाही.

वॉटर लॉक बंद असल्याची खात्री केली आहे. स्क्रीन गार्ड काढून, चार्जरवरून काढून, कोरड्या बोटाने तपासले आहे. वॉच दोनदा रीस्टार्ट केले असून सॉफ्टवेअर अद्ययावत आहे. काचेला तडा नाही, कड उचललेली नाही. वॉच पडलेले नाही आणि कुठेही उघडलेले नाही.

कृपया वॉच आपल्याकडे जमा करून घेऊन, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे पाठवून, विनामूल्य दुरुस्त करून द्यावे. जमा करताना लक्षण, बाह्य स्थिती व सीरियल नंबर नोंदवलेली पोच द्यावी. २४ एप्रिलपर्यंत दुरुस्ती होणे शक्य नसल्यास त्याच मॉडेलचे दुसरे वॉच द्यावे. वॉरंटी नाकारायची झाल्यास कारण लेखी द्यावे व आढळलेल्या दोषाचा फोटो सोबत जोडावा.

सोबत : बिलाची प्रत, वॉरंटी कार्डाची प्रत, खोक्यावरील सीरियल नंबरचा फोटो, व्हिडिओ (ईमेलने).

आपला विश्वासू,
(नाव, पत्ता, मोबाइल)

पत्र एवढंच. यात धमकी नाही आणि कायद्याचं कलमही नाही, ते मुद्दामच. पहिल्या पत्राचं काम वॉच टेबलावर घ्यायला लावण्याचं असतं. पैसे परत मागितलेले नाहीत, कारण वॉरंटी कार्डात आश्वासन सहसा दुरुस्तीचं किंवा बदलून देण्याचं असतं. कार्डात नसलेली मागणी आधी केली की उत्तर तिलाच मिळतं आणि दुरुस्ती बाजूला पडते. तारीख मात्र हवीच. दुरुस्ती किती दिवसांत, हे कार्डांवर बहुधा छापलेलं नसतं, आणि नागपुरात वॉच जमा झालं तरी उघडलं दुसऱ्या शहरात जाण्याची शक्यता असते.

"वॉच पडलेले नाही" हे वाक्य खरं असेल तरच लिहा. पोहून आल्यावर टच गेला असेल तर तसंच लिहा, आणि वॉचवर छापलेली पाणीरोधक पातळीही त्याच ओळीत लिहा. आतला पाणी दाखवणारा स्टिकर ओला झाला की रंग बदलतो, त्यामुळे लपवून काही साधत नाही. इथं मर्यादाही मान्य करायला हवी: आयपी ६८ किंवा ५ एटीएम ही चाचणी नव्या वॉचवर, साध्या पाण्यात होते. गरम पाणी, वाफ, साबण यांची हमी त्यात नसते, आणि पाण्यानं झालेलं नुकसान बऱ्याच वॉरंटी कार्डांत सरळ वगळलेलं असतं. तुमची बाजू भक्कम होते ती काच आणि कवच अखंड असेल आणि वापर पुस्तिकेतल्या मर्यादेत असेल तेव्हा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सीरियल नंबर. अनेक बिलांवर फक्त "स्मार्टवॉच, काळं, १ नग" असतं. मग हेच वॉच त्या बिलाचं कशावरून, हा प्रश्न येतो आणि तो रास्तही आहे. खोकं टाकून दिलेलं नसेल तर त्यावरचा नंबर जुळवून फोटो जोडा. नवीन घेत असाल तर बिलावर नंबर पेनानं लिहून शिक्का मारून घ्या, मिनिटभराचं काम आहे.

पत्र ईमेलनं पाठवा आणि एक प्रत दुकानात नेऊन आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. सही द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपा. वॉच देताना जॉबशीट वाचल्याशिवाय सही करू नका. त्यावर "टच प्रतिसाद देत नाही, डिस्प्ले चालू, काच अखंड" एवढे शब्द हवेत. छापील "स्क्रॅचेस" या रकान्यावर सरसकट टिक केली असेल, तर ओरखडा कुठे आणि किती, ते लिहायला सांगा. देण्याआधी फोनमधून वॉचची जोडणी आणि खात्याचा लॉक काढा, नाहीतर दुरुस्ती तिथंच अडते. त्यासाठी वॉचवरच टच मागितला जात असेल तर तेही जॉबशीटवर लिहून घ्या.

२४ तारीख उलटूनही हालचाल नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. तिथं हेच पत्र आणि पोच उपयोगी पडते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे वॉच ऑनलाइन घेतलं आणि विक्रेता बेंगळुरूचा असला, तरी नागपूरकरानं नागपुरातच दाद मागावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क नाही आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ऑनलाइन विक्रीत तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करावं, असा २०२० चा नियम आहे. अशा वेळी पत्र विक्रेता आणि संकेतस्थळाचा तक्रार अधिकारी, दोघांनाही पाठवा.

वॉच परत मिळालं की काउंटरवरच चारही कोपरे तपासा. बदलून दुसरं दिलं असेल तर नवा सीरियल नंबर जॉबशीटवर आणि जुन्या बिलावर शिक्क्यासह लिहून घ्या, कारण १७ ऑक्टोबरपर्यंतची वॉरंटी आता त्या नंबरावर चालणार आहे.