जेवल्यावर चाललं म्हणून अन्न सडत नाही, आणि आडवं झालं म्हणून विष होत नाही

"जेवल्यावर लगेच चालू नका!! सगळं रक्त पायात उतरतं आणि अन्न पोटात तसंच सडतं. एक तास थांबा आणि मग पाऊण तास जोरात चाला तरच फायदा आहे. आणि जेवून लगेच आडवं झालात तर अन्नाचं विष होतं, ते रक्तात मिसळून हार्ट अटॅक येतो. आपल्या माणसांना नक्की पाठवा."

मी डाएटिशियन आहे, माझे बरेचसे पेशंट डायबेटिसचे आणि अ‍ॅसिडिटीचे, आणि त्यातल्या काहींनी हा फिरत आलेला मेसेज वाचून आपली चांगली चाललेली शतपावली बंद केली, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

रक्ताचं आधी, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं केलंय. जेवलं की पोट आणि आतड्यांकडे जाणारं रक्त वाढतं हे खरं, व्यायाम केला की ते कमी होतं हेही खरं, पण किती कमी होतं ते तुम्ही किती जोर लावताय यावर ठरतं. जीव तोडून धावणाऱ्या माणसाच्या आतड्यांचं रक्त भरपूर घटतं, म्हणून भरल्या पोटी धावलं की मळमळतं, पोटात कळ येते. पण गप्पा मारत सावकाश चालताना पायांना जे जादा रक्त लागतं ते हृदय थोडं जास्त काम करून पुरवतं, त्यासाठी पोटाचं रक्त काढून घ्यायची वेळ येत नाही. मेसेजमध्ये धावण्याची गोष्ट उचलून चालण्याला चिकटवली आहे, सगळी गडबड तिथे आहे.

आणि पोट त्या वेळी काय करत असतं ते बघा. पोटाचा खालचा भाग मिनिटाला साधारण ३ वेळा आकुंचन पावतो आणि आतला घास दळत राहतो, कण १-२ मिलिमीटरइतके बारीक झाले की मगच ते पुढे लहान आतड्यात सोडले जातात. साधं जेवण असेल तर २ तासांत साधारण निम्मं पुढे गेलेलं असतं आणि ४ तासांत जवळपास सगळं. ही गती मोजता येते, जेवणात अगदी थोडा किरणोत्सारी पदार्थ मिसळून देतात आणि कॅमेऱ्याने पोटावर लक्ष ठेवतात. निरोगी माणसांना जेवल्यावर चालायला लावून अशी मोजणी केली तेव्हा पोट उलट थोडं लवकर रिकामं झालं. म्हणजे चालल्यावर हलकं वाटतं ते नुसतं मनाचं नाही. पण फरक थोडासाच असतो, त्यामुळे ज्याला खरंच पोटाचा काही आजार आहे त्याचा आजार शतपावलीने जाईल असं मी म्हणणार नाही.

सडण्याबद्दल एवढंच की सडायला जंतू वाढावे लागतात आणि पोटातलं अ‍ॅसिड इतकं कडक असतं की बहुतेक जंतू तिथेच मरतात. सकाळी खाल्लेलं रात्री उलटीत जसंच्या तसं पडत असेल तर पोट रिकामंच होत नाहीये, तो वेगळा प्रॉब्लेम आहे, चालण्याने झालेला नाही आणि त्याला डॉक्टरच लागतो.

आता तासभर थांबण्याचं, आणि या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त चिडायला होतं कारण यात पेशंटचं थेट नुकसान आहे. जेवायला सुरुवात केल्यावर १०-१५ मिनिटांत रक्तातली साखर चढायला लागते आणि बहुतेकांची तासाभराच्या आसपास सगळ्यात वर पोचते, डायबेटिस असेल तर अजून थोडी उशिरा. पाय चालत असताना त्यांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतात, म्हणजे साखर चढत असतानाच पाय हलले तर ती तितकी वर जातच नाही. तासभर खुर्चीत बसून मग उठलात तर चढायची ती चढून झालेली असते. तेव्हा चाललं तरी काही वाईट नाही, पण मोक्याचा वेळ हातचा गेलेला असतो. ताटं उचलली, ओटा आवरला, की निघा, म्हणजे ५ ते १५ मिनिटांत. फारच भरपेट जेवण झालं असेल आणि चालताना पोट जड वाटत असेल तर २०-३० मिनिटं ताठ बसा, मग जा, पोटाला विचारून ठरवायला काही हरकत नाही.

पाऊण तासाची अट तर मुळातच नको. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली टाइप २ डायबेटिसच्या ४१ जणांवर हेच तपासलं. काही दिवस त्यांना दिवसातून कधीही एकदा ३० मिनिटं चालायला सांगितलं आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. चालणं दोन्हीकडे सारखंच, पण जेवणानंतर वाटून चालले तेव्हा जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. त्याआधी २०१३ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला होता, माणसं फक्त १० होती पण सगळी साठीच्या पुढची आणि साखर वाढायची शक्यता असलेली, त्यात १५-१५ मिनिटं तीनदा जेवणानंतर चालण्याची तुलना एकदम ४५ मिनिटं चालण्याशी केली. दिवसभराची साखर दोन्हींनी सुधारली पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर जेवणानंतरच्या छोट्या चालण्यानेच जास्त चांगली आवरली.

म्हणून मी १० ते १५ मिनिटं सांगते, ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांनी घरातल्या घरात ५ मिनिटं फेऱ्या माराव्यात, त्यानेही फरक पडतो. वेग इतकाच की बोलता आलं पाहिजे, धाप लागली की हळू व्हा. तुम्हाला रोजचा ४५ मिनिटांचा जोरदार वॉक आवडतो तर जरूर करा, हृदयासाठी वजनासाठी चांगलाच आहे, पण तो जेवणापासून दूर ठेवा.

आणि माझ्यावर विश्वास ठेवायचीही गरज नाही, ग्लुकोमीटर असेल तर दोन दिवस तेच जेवण, त्याच वेळी, तेवढंच घ्या. एक दिवस जेवून बसून राहा, दुसऱ्या दिवशी १५ मिनिटं चाला. दोन्ही दिवशी जेवणाआधी, पहिल्या घासापासून १ तासाने आणि २ तासांनी साखर बघा आणि चारचौघांनी नाही तर तुमच्याच आकड्यांनी काय सांगितलं ते पाहा. एका जोडीवर निकाल लावू नका, मीटरमध्येच थोडं मागेपुढे होतं, दोन-तीनदा करून बघा.

आता आडवं होण्याचं. झोपलं म्हणून पचन थांबत नाही, महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसांचंही अन्न पचतंच. आडवं झाल्यावर पोट थोडं सावकाश रिकामं होतं एवढं खरं. पण पोटाच्या ऑपरेशननंतर काही जणांचं अन्न फार भराभर आतड्यात उतरतं आणि त्यांना चक्कर, घाम, धडधड होते, अशांना डॉक्टर स्वतःच जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायला सांगतात. ते विष असतं तर कुठल्या डॉक्टरने सांगितलं असतं?

त्रास आहे तो वेगळाच, आणि तो मेसेजमध्ये नावालाही नाही. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे एक स्नायूंचा वळसा असतो, तो जेवल्यानंतर अधूनमधून आपोआप सैल पडतो, आणि जेवणानंतर पोटातल्या अन्नाच्या वर, अगदी त्या तोंडाजवळच, अ‍ॅसिडचा एक थर जमतो. उभं किंवा बसलेलं असताना वजनाने ते खाली राहतं, आडवं झालं की वर यायचा रस्ता मोकळा. त्यात झोप लागली की लाळ गिळणं जवळजवळ बंद होतं, मग वर आलेलं अ‍ॅसिड धुतलं जात नाही आणि अन्ननलिकेला तासन्‌तास जाळत बसतं. जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवण आणि झोप यात ३ तासांपेक्षा कमी अंतर ठेवणाऱ्यांमध्ये ४ तास किंवा जास्त ठेवणाऱ्यांपेक्षा अ‍ॅसिड वर येण्याचा आजार कितीतरी जास्त दिसला. म्हणून २ ते ३ तासांचं अंतर सांगतात. ज्याला जळजळ होतच नाही त्याने दुपारी जेवून २० मिनिटं पडलं तर काही बिघडत नाही, फक्त चालायची ती वेळ गेली इतकंच.

एका काकांचं सांगते. रात्री ९ ला जेवण, पावणेदहाला झोप, आणि बाराच्या सुमाराला छातीत जळजळ, तोंडात आंबट पाणी, सकाळी घसा बसलेला. झोपताना त्यांच्या पोटात निम्म्याहून जास्त जेवण शिल्लक असायचं. त्यांनी आधी दोन-तीन उशा घेतल्या, त्याने उलट वाढलं, कारण उशांनी फक्त मान आणि कंबर वाकते आणि पोट दाबलं जातं. मग जेवण ८ ला आणलं, सव्वाआठ-साडेआठला १५ मिनिटं सावकाश चालणं, नंतर टीव्ही बघायचा तो ताठ बसून, रेलून नाही, आणि झोप ११ ला. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५-२० सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे, म्हणजे अख्खं अंग उतारावर. आणि डाव्या कुशीवर झोपणं, कारण त्या कुशीवर अन्ननलिकेचं तोंड पोटातल्या अ‍ॅसिडच्या वर राहतं, उजव्या कुशीवर ते अ‍ॅसिडच्या पातळीखाली जातं. काही आठवड्यांत रात्रीचं उठणं बंद झालं. गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळी होत असेल तर मात्र हे प्रयोग करत बसू नका, तपासणी करून घ्या.

हार्ट अटॅकचा संबंध जेवून झोपण्याशी लावलाय तो बहुतेक छातीतल्या जळजळीमुळे, दोन्हीची जागा एकच. पण खरी काळजीची गोष्ट उलटी आहे. भरपेट जेवल्यावर चालताना छाती दाबल्यासारखी होते आणि थांबलं की बरं वाटतं, असं होत असेल तर ती अ‍ॅसिडिटी समजून सोडा पिऊ नका, हृदयाची तपासणी करा. दुखणं थांबल्यावरही जात नसेल, घाम येत असेल, हात किंवा जबड्यात जात असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा. हृदयाचा त्रास आधीपासून असलेल्यांनी जेवणानंतर चालण्याचं डॉक्टरांना विचारून ठरवा. जेवणाआधी इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालणं सुरू केल्यावर पहिले काही दिवस साखर तपासत राहा, हात थरथरले, घाम फुटला तर लगेच साखर घ्या आणि डोस बदलायचा का ते विचारा. आणि वयस्कर माणसांचं बीपी जेवणानंतर पहिल्या दोन तासांत बरंच खाली येऊ शकतं, ताटावरून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर त्यांना आधी थोडं बसू द्या आणि चालताना कुणीतरी सोबत असू द्या.