सर्क्युलर रेफरन्सची सूचना आणि सरासरी बाकीवरचं व्याज

“एक्सेलमध्ये सर्क्युलर रेफरन्सची सूचना आली तर घाबरू नका. Options मध्ये जाऊन Enable iterative calculation ला टिक करा. सूचना जाते, शीट बरोबर चालते. कर्जाच्या व्याजाच्या शीटमध्ये सगळे हेच करतात.”

हा सल्ला नेहमी ऐकू येतो. सर्क्युलर रेफरन्स म्हणजे सूत्र फिरून स्वतःच्याच सेलच्या उत्तरावर अवलंबून राहणं, एक वर्तुळच. टिक केली की सूचना जाते, हे खरं. चूक मात्र जात नाही. खर्चाच्या रकमा C2 ते C12 मध्ये आहेत, बेरीज 50,000. बेरजेच्या सेलमध्ये, म्हणजे C13 मध्ये, घाईत `=SUM(C2:C13)` लिहिलं गेलं. टिक नसेल तर एक्सेल सूचना देतं, खाली स्टेटस बारवर C13 चं नाव दाखवतं आणि सेलमध्ये शून्य दिसतं. ते पाहून कोणीही चूक शोधून काढेल. टिक असेल तर एक्सेल मुकाट्याने शंभर फेऱ्या मारतं, दर फेरीला आधीच्या उत्तरात 50,000 मिळवतं आणि 50 लाख दाखवतं. F9 दाबा, एक कोटी होतील. मी एका प्रोजेक्शनमध्ये असाच फुगलेला खर्च पाहिला आहे. तिथे आकडे मोठेच होते, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांत आला नव्हता.

व्याजाचं वर्तुळ वेगळं असतं, आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं. वर्षभर कर्ज थोडं थोडं फिटत जातं, म्हणून व्याज सुरुवातीच्या आणि अखेरच्या बाकीच्या सरासरीवर काढायचं. पण अखेरची बाकी ठरते ती व्याज भरून उरलेल्या पैशातून किती मुद्दल फेडलं त्यावर. व्याजाला बाकी हवी, बाकीला व्याज हवं.

आकडे घेऊन बघू. सुरुवातीची बाकी 100 लाख, दर 12 टक्के, व्याज आणि मुद्दल मिळून भरायला हातात 30 लाख. व्याज शून्य धरून सुरुवात केली तर अखेरची बाकी 70 आणि व्याज 10.2 लाख. आता मुद्दलाला 19.8 लाखच उरले, म्हणून बाकी 80.2 आणि व्याज 10.812. पुढची फेरी 10.849, त्यापुढची 10.851, आणि आकडा तिथे थांबतो. व्याज एक रुपयाने वाढलं की बाकी एक रुपयाने वाढते, पण त्यामुळे पुढचं व्याज वाढतं फक्त सहा पैशांनी, दराच्या निम्म्याने. फरक दर फेरीला आटत जातो. बेरजेच्या चुकीत रुपयाचा रुपयाच पुढे जातो, म्हणून ती कधीच थांबत नाही. F9 चार वेळा दाबून आकडा हलतो का ते बघणं ही पहिली परीक्षा. पण चुकीचं वर्तुळही कधी कधी स्थिरावतं, म्हणून ते का आहे हे एका वाक्यात सांगता आलंच पाहिजे.

“सगळे हेच करतात” यातलं अर्धं सांगायचं राहून जातं. जाणकार नुसती टिक करत नाहीत, शीटमध्ये एक स्विच ठेवतात. B1 स्विच, B2 दर, B3 सुरुवातीची बाकी, B4 हातातले पैसे. B5 मध्ये व्याज आणि B6 मध्ये अखेरची बाकी:

```
B5: =IF($B$1=1,0,B2*(B3+B6)/2)
B6: =MAX(0,B3-(B4-B5))
```

कोणी दराच्या जागी चुकून अक्षरं टाइप केली की व्याजात `#VALUE!` येतं, तिथून ते बाकीत जातं आणि बाकीतून परत व्याजात. दर दुरुस्त केला तरी दोघं एकमेकांना तीच चूक पुरवत राहतात. B1 मध्ये 1 टाकलं की वर्तुळ तुटतं, आकडे स्वच्छ होतात. मग परत 0.

आणखी एक धोका आहे. ही टिक त्या वेळी चालू असलेल्या सगळ्या एक्सेलला लागू होते, आणि आधी उघडलेल्या फाइलवरून ठरते. व्याजाची शीट आधी उघडली असेल, तर नंतर उघडलेल्या पगाराच्या शीटमधली खरी चूकही गुपचूप दडते. उलट, टिक नसलेली फाइल आधी उघडलेल्या सहकाऱ्याला तुमची व्याजाची शीट सूचना देते.

खरं तर या उदाहरणाला वर्तुळ लागतच नाही. दोन्ही समीकरणं एकत्र सोडवली की व्याज थेट मिळतं:

```
=B2*(2*B3-B4)/(2-B2)
```

म्हणजे 20.4 भागिले 1.88, तेच 10.851. टिक नाही, स्विच नाही. मी साध्या कर्जाला हेच वापरतो. हातातले पैसे इतके असतील की कर्ज पूर्ण फिटून वर उरेल, तर मात्र हे सूत्र बाकी ऋण धरून व्याज कमी दाखवतं. तिथे व्याज सरळ `B2*B3/2` घ्यावं लागतं. दोन-तीन कर्जं एकाच पैशातून क्रमाने फिटत असतील, तर अशा अटी इतक्या वाढतात की बीजगणित हाताबाहेर जातं. तिथे वर्तुळ आणि स्विच ठेवणं मला योग्य वाटतं. महिन्यावार शीट असेल तर सुरुवातीच्या बाकीवर व्याज धरलं तरी फरक थोडाच पडतो. आणि कॅश क्रेडिटवर बँक रोजच्या बाकीवर व्याज काढते, त्यामुळे तिथे वार्षिक सरासरी हा अंदाजच असतो, मग वर्तुळ कितीही नेमकं फिरलं तरी.