गृहकर्जाचं व्याज नवरा-बायकोत वाटायचं कसं? (आणि वाटायचं तरी का?)

दर जुलैत आयकर रिटर्न भरायला माझ्या टेबलासमोर एक ठरलेलं जोडपं बसतं. माणसं बदलतात, प्रश्न तोच. बँकेचा व्याजाचा दाखला पुढे सरकवतात आणि म्हणतात, "मॅडम, ह्यातलं कोणाच्या नावावर किती टाकायचं ते तुम्हीच ठरवा." जणू काही मी डब्यातली भाजी वाढतेय.

तर आधीच सांगते, हे मी ठरवत नाही. तुम्हीही दर वर्षी नव्यानं ठरवत नाही. करारनामा आणि पैशाचा माग मिळून ते आधीच ठरलेलं असतं. बँक दाखल्यावर दोघांची नावं छापते आणि एकच आकडा देते. कोणाचा वाटा किती, हे बँक लिहीत नाही आणि ते तिचं कामही नाही.

2023 च्या जुलैत आलेल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते (आकडे गोल केलेत). फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर, राहायला स्वतःच. कर्ज 45 लाख. 2022-23 या वर्षाच्या दाखल्यावर व्याज 3,80,000 आणि मुद्दल 90,000. त्यानं ऑफिसात सगळं स्वतःच्या नावावर दाखवून टाकलं होतं. तिच्या फॉर्म 16 वर गृहकर्जाचा उल्लेखच नाही. त्याचं म्हणणं, "पगार माझा जास्त, 30 टक्क्यांचा स्लॅब माझा, म्हणजे फायदाही मलाच घेऊ दे."

ऐकायला बरोबर वाटतं, पण जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर कलम 24(ब) खाली 2 लाखांची मर्यादा आहे, आणि ती माणशी आहे, घरामागे नाही. म्हणजे 3,80,000 पैकी त्याला मिळाले 2 लाख. उरलेले 1,80,000 कोणाच्याच कामी आले नाहीत. पुढच्या वर्षी ओढून नेता येतील म्हणावं तर तेही नाही.

मग मी इंडेक्स टू मागितला आणि करारनामा उघडला. वाट्याची टक्केवारी कुठेच लिहिलेली नव्हती. बहुतेकांच्या करारनाम्यात ती नसतेच. बिल्डरचा छापील मसुदा, आपण सही करतो आणि पेढे वाटतो. अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 बघायचं. ज्यानं जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा वाटा, आणि कोणी किती घातले याचा पुरावा नसेल तर दोघांचा सारखा वाटा धरायचा. या दोघांनी सुरुवातीची रक्कम निम्मी-निम्मी भरली होती आणि दोघांचे पगार ज्या जॉइंट खात्यात येत होते त्यातूनच हप्ता जात होता. त्यामुळे निम्मा-निम्मा वाटा सिद्ध करायला मला फार झटावं लागलं नाही.

आता हिशोब बघा. व्याजाचे प्रत्येकी 1,90,000, म्हणजे दोघंही मर्यादेच्या आत. त्याची वजावट 10 हजारांनी घटली, त्याला सेससकट 3,120 रुपये जादा भरावे लागले. तिचा वरचा स्लॅब 20 टक्क्यांचा, तिचे 1,90,000 वर 39,520 वाचले. मुद्दलाची गंमत वेगळीच. त्याची 80सी ची दीड लाखाची मर्यादा नुसत्या पीएफनंच भरली होती, म्हणजे 90 हजारांचं मुद्दल त्यानं दाखवलं काय नि न दाखवलं काय, फरक शून्य. तिच्याकडे मात्र 80सी मध्ये जेमतेम 75 हजार होते. निम्मं मुद्दल, 45 हजार, तिच्याकडे आलं आणि आणखी 9,360 वाचले. घराचा निव्वळ फायदा 45,760 रुपये. फॉर्म 16 वर नसलेली वजावट रिटर्नमध्ये मागता येते, म्हणून तिला रिफंड आला. तो थोडा वेळ गप्प बसला होता.

लगेच पुढचा प्रश्न आला. "मग मुद्दल सगळं तिच्याकडे आणि व्याज आमच्या सोयीनं, असं?" नाही हो. मुद्दलाला 80सी खाली 'भरलं' हा शब्द आहे. ज्याच्या पैशातून गेलं त्याचं. आणि व्याज मालकीतल्या वाट्याप्रमाणे. 60:40 असेल तर दर वर्षी 60:40. एका वर्षी 50:50, पगारवाढ झाली की 80:20, असं केलंत आणि नोटीस आली तर उत्तर काय द्याल? रिटर्नमध्ये सहमालकाचा पॅन आणि वाट्याची टक्केवारी विचारतात. नवऱ्यानं 70 लिहिलं आणि बायकोनं 50, तर बेरीज 120 होते, आणि ती करायला कॉम्प्युटरला क्षणही लागत नाही.

यापेक्षा वाईट प्रकार माझ्या ओळखीतच झालाय. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. म्हणून फ्लॅट वहिनींच्या नावावर, कर्जात मात्र दोघं, आणि हप्ता सगळा भाऊजींच्या पगारातून. भाऊजी सहकर्जदार आहेत, सहमालक नाहीत. त्यांना ना व्याजाची वजावट, ना मुद्दलाची. वहिनींना उत्पन्नच नाही, म्हणजे त्यांच्याकडेही उपयोग नाही. 60 लाखांच्या घरावर 60 हजार वाचवले आणि वीस वर्षांच्या वजावटीवर पाणी सोडलं. उलटही तेच: करारनाम्यात नाव आहे पण कर्जात नाही, तर स्वतः कर्ज घेतलेलं नसल्यामुळे व्याज मागता येत नाही. दोन्ही कागदांवर नाव हवं, आणि हप्त्यात पैसा हवा.

म्हणून माझं मत असं की टक्केवारी करारनाम्यातच लिहून घ्या, नोंदणीच्या आधी. बिल्डरचा माणूस कुरकुर करेल, करू दे. नंतर वाटा बदलायचा म्हटलं तर पुन्हा दस्त, पुन्हा नोंदणी आणि पुन्हा खर्च. हप्त्यासाठी जॉइंट खातं उघडा आणि दोघांनी आपापल्या वाट्याची रक्कम दर महिन्याला त्यात टाका. त्या खात्याचं स्टेटमेंट हाच तुमचा पुरावा.

आता त्याच जोडप्याचा ताजा किस्सा. 2025-26 च्या हिशोबाला परवा फोन आला. तिचा पगार आता साडेअकरा लाख, नव्या करप्रणालीत तिला कर शून्य. व्याज उतरून 3,52,000 वर आलंय, निम्मं 1,76,000. तो म्हणाला, "तिला वजावटीचा उपयोगच नाही, तर 2 लाखांपर्यंतचे उरलेले 24 हजार मी घेऊ का?" म्हटलं, तिला उपयोग नाही म्हणून वाटा तुमचा होत नाही. आणि मिळाले असते तरी साडेसात हजारांच्या आतच कर वाचला असता.

मग त्याचाच पगार धरून दोन्ही प्रणाली मांडल्या. पगार 18 लाख. जुन्या प्रणालीत व्याज, 80सी, 25 हजारांचा आरोग्य विमा सगळं वजा करून कर 2,41,488. नव्या प्रणालीत राहत्या घराचं व्याजही नाही, 80सी ही नाही, आणि कर 1,50,800.

"म्हणजे व्याजाची वाटणी...?"

"यंदा वाटायचं काहीच नाही. पण जॉइंट खातं बंद करू नका. पुढेमागे फ्लॅट भाड्यानं दिलात तर भाड्यातून व्याज नव्या प्रणालीतही वजा होतं, आणि तेव्हाही ते निम्मं-निम्मंच असेल."